प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा: कॅप्सूल असूनही गाठ सोलून का काढत नाहीत

'सर, मी कोल्हापुरात पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा बिनाइन असतो, त्याला कॅप्सूल असते असं वाचलं. मग सर्जन एवढी पॅरोटिड का काढतात? गाठ तेवढी सोलून का घेत नाहीत? परवा ग्रॉसिंगला आलेल्या नमुन्यात गाठीची एक बाजू उघडीच होती. मी "मार्जिन पॉझिटिव्ह" लिहिलं, तर ते खोडलं गेलं. का? आणि लाळग्रंथींच्या बाकीच्या ट्यूमरना हेच लागू होतं का?'

खोडलं ते बरोबरच झालं, फक्त कारण सांगायचं राहून गेलं. 'पॉझिटिव्ह' हा शब्द आपण कॅन्सरच्या रिपोर्टात रोज लिहितो, त्यामुळे हात सवयीनं तिकडं जातो. पण घोळ त्याच्याही आधी, 'कॅप्सूल' या शब्दापाशी सुरू होतो. लिपोमाची कॅप्सूल वेगळी आणि प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमाची वेगळी. पुस्तकं दोन्हीला एकच शब्द वापरतात आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यासमोर मटाराचा दाणा उभा राहतो.

आपल्याकडं हळद काढताना पाहिली असेल तर तीच डोळ्यासमोर आणा. गड्डा वरून एकच वाटतो. पाला धरून नुसता हिसका दिला तर मधला गड्डा हातात येतो, बाजूची बोटं मोडून मातीत राहतात, आणि पुढच्या पावसात त्या प्रत्येक तुकड्याला वेगळा कोंब फुटतो. म्हणून कुदळ जरा लांबून घालतात आणि मातीच्या ढेकळासकट गड्डा उचलतात. पॅरोटिडमधली ही गाठ अशीच वागते. हाताला गुळगुळीत गोल लागते, पण तिच्या कडेला बोटं असतात.

ती बोटं पाहायला खास काही लागत नाही. व्यवस्थित काढलेल्या एखाद्या नमुन्याची स्लाइड घ्या, ४ च्या ऑब्जेक्टिव्हवर लावा आणि कॅप्सूलच्या कडेकडेनं पूर्ण प्रदक्षिणा घाला. एका ठिकाणी कॅप्सूल चांगली जाड, तंतुमय दिसेल. थोडं पुढं गेलात की ती कागदासारखी पातळ होईल. आणखी पुढं, विशेषतः जिथं गाठीत पेशी कमी आणि मिक्सॉइड भाग जास्त आहे तिथं, ती नाहीशीच झालेली असेल आणि ट्यूमर थेट लाळग्रंथीच्या अ‍ॅसिनायना किंवा चरबीला टेकलेला दिसेल. मध्येच एखाद्या जागी ट्यूमरची जीभ कॅप्सूलमध्ये किंवा तिच्या पार बाहेर आलेली सापडेल. तिला आपण स्यूडोपॉड म्हणतो. कधी मुख्य गाठीपासून सुटा वाटणारा छोटा गोळा शेजारच्या ग्रंथीत दिसतो, तो सॅटेलाइट नोड्यूल. सलग सेक्शन घेतले तर असे बरेच सुटे वाटणारे गोळे कुठेतरी मुख्य गाठीला जोडलेलेच निघतात, हळदीच्या बोटासारखे. हे सगळं बिनाइन गाठीचंच वागणं आहे. याला इन्व्हेजन म्हणायचं नाही.

आता सर्जननं कॅप्सूल उघडून आतला गोळा बोटानं सोलून काढला, म्हणजे एन्युक्लिएशन केलं, तर काय मागं राहतं ते तुम्हीच सांगू शकाल. कॅप्सूल राहते, तिच्यातल्या जिभा राहतात, बाहेरचे गोळे राहतात. त्यात दुसरी भर पडते ती मिक्सॉइड भागाची. तो भाग जेलीसारखा असतो. गाठ फुटली की ही जेली जखमेत पसरते, आणि तिच्यातल्या मायोएपिथेलियल पेशी पडतील तिथं रुजू शकतात. पाठ्यपुस्तकातले आकडे ढोबळपणे असे: नुसतं एन्युक्लिएशन केलं तर जवळपास २५ टक्के रुग्णांत गाठ परत येते, आणि ग्रंथीच्या भागासकट व्यवस्थित काढली तर ४ टक्क्यांच्या आसपास. ओपीडीत गाठीवर छेद देऊन बायॉप्सी का घेत नाहीत, याचं अर्धं उत्तरही हेच आहे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे फेशियल नर्व्ह.

एक केस धरून पुढं जाऊ. समजा कागल भागातली ४१ वर्षांची बाई उजव्या कानाच्या पाळीखालची गाठ घेऊन आली. सात वर्षांपासून आहे, दुखत नाही, सावकाश वाढत लिंबाएवढी झाली आहे. आपल्याकडं अशा गाठीला पहिल्यांदा 'चरबीची गाठ' नाहीतर 'टीबीची गाठ' म्हटलं जातं. तपासताना थोड्या साध्या गोष्टी पाहायच्या. पाळी वर उचलली गेली आहे का, आणि पाळीमागची खळगी, जबड्याच्या कोनामागचा खड्डा, भरून आला आहे का? तसं असेल तर गाठ पॅरोटिडची असण्याचा संभव मोठा. वरची त्वचा गाठीवरून मोकळी सरकते का? सेबेशियस सिस्ट त्वचेला चिकटून तिच्याबरोबर हलते आणि बऱ्याचदा तिच्या माथ्यावर काळा ठिपका असतो, तसं इथं नसतं. मग तोंड उघडून टॉन्सिलची बाजू बघायची. ती आत ढकललेली असेल तर गाठ डीप लोबमधून घशाच्या बाजूला गेलेली आहे आणि बाहेर दिसते ते हिमनगाचं टोक. शेवटी बाईला कपाळाला आठ्या घालायला, डोळे गच्च मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला सांगायचं. गाठीच्या बाजूचा चेहरा कमकुवत असेल तर बिनाइन हा शब्द डोक्यातून काढून टाका. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा नर्व्हला बाजूला सारतो, ताणतो, पण लुळी जवळजवळ कधीच करत नाही.

या बाईच्या बाबतीत चेहरा ठीक आहे, मानेत लसिकाग्रंथी लागत नाहीत, गाठ घट्ट पण हलणारी, किंचित उंचसखल. सोनोग्राफीत ३ सेंटिमीटरची, कमी इकोची, लोब्युलेटेड कडेची गाठ सुपरफिशियल लोबमध्ये दिसते. आता सुई.

एफएनएसी २३ किंवा २५ गेजच्या सुईनं होते. सुईच्या वाटेनं ट्यूमर रुजणं फार दुर्मीळ आहे, त्यामुळे छेद देऊन केलेल्या बायॉप्सीची भीती सुईला लावायची नाही. स्लाइडवर काचेला चिकट, चकाकणारा माल पसरला की अनुभवी तंत्रज्ञ रंगवण्याआधीच ओळखतो. गीम्सावर स्ट्रोमा झगझगीत किरमिजी दिसतो. त्याच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि मायोएपिथेलियल पेशी त्या तंतूंत बुडालेल्या असतात. त्यातल्या पुष्कळ पेशींचं न्यूक्लियस एका बाजूला सरकलेलं, प्लाझ्मा सेलसारखं. हा 'बुडालेल्या'चा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमातही किरमिजी गोळे दिसतात. फरक कडेत आहे. तिथं गोळ्याची कड गुळगुळीत, काचेच्या गोटीसारखी असते, आणि पेशी गोळ्याच्या बाहेरून चिकटलेल्या असतात, आत शिरलेल्या नसतात. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमातही कधी असे गोटीसारखे गोळे दिसतात, म्हणून एका गोळ्यावरून निदान करायचं नाही, सगळी स्लाइड पाहायची. नुसत्याच बेसलॉइड पेशी आल्या आणि स्ट्रोमा जवळपास नाही, तर हट्टानं नाव देऊ नका. लाळग्रंथींच्या सुईचे रिपोर्ट ज्या गटांत लिहितात त्या मिलान पद्धतीत त्यासाठीच 'अनिश्चित स्वरूपाचा निओप्लाझम' असा चौथ्या गटाचा ब भाग ठेवला आहे. आपल्या बाईच्या स्लाइडवर चित्र नेहमीचं आहे, म्हणून ती चौथ्या गटाच्या अ भागात, बिनाइन निओप्लाझममध्ये जाते.

आता ऑपरेशन, पण पॅथॉलॉजिस्टला लागतं तेवढंच. पॅरोटिडला सुपरफिशियल आणि डीप असे दोन लोब आहेत ही सर्जनची सोय आहे. ग्रंथीत तसा पडदा नाही. फेशियल नर्व्हच्या वरचा तो सुपरफिशियल, खालचा तो डीप. म्हणून ऑपरेशनची सुरुवात गाठीपासून होतच नाही, ती नर्व्हपासून होते. कानापुढून पाळीखाली वळून मानेत उतरणारा छेद घेतात, त्वचेचा फ्लॅप उचलतात आणि कानाच्या मागच्या-खालच्या बाजूला नर्व्हचं मूळ खोड शोधतात. ट्रॅगसच्या कूर्चेचं आतलं टोक, डायगॅस्ट्रिकच्या मागच्या पोटाची वरची कड आणि टिंपॅनोमॅस्टॉइड सांधा या त्यांच्या खुणा. कूर्चेच्या टोकापासून नर्व्ह साधारण १ सेंटिमीटर खाली आणि खोल असते. खोड सापडलं की फांद्यांवरून पुढं सरकत ग्रंथी नर्व्हपासून उचलायची, गाठ त्या ग्रंथीच्या आतच राहते. सर्जननं गाठ उघडी पाहिलीच नाही तर ते उत्तम.

पण नर्व्ह मधे आली की हे चांगलं गणित तिथं मोडतं, आणि तुमच्या नमुन्याचं कोडं इथंच सुटतं. गाठीच्या बाहेरच्या, वरच्या, खालच्या बाजूला अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी ग्रंथी ठेवता येते. खोल बाजूला मात्र ३ सेंटिमीटरची गाठ बहुतेक वेळा नर्व्हच्या एखाद्या फांदीवर बसलेलीच असते. बिनाइन गाठीसाठी चालती नर्व्ह कापायची नाही, हा नियम आहे. म्हणून सर्जन तेवढ्या पट्ट्यात कॅप्सूल नर्व्हवरून अलगद सोडवतो. नमुना आपल्याकडं येतो तेव्हा त्या पट्ट्यावर ग्रंथी नसते, उघडी कॅप्सूल असते. ही सर्जनची चूक नव्हे, ठरवून केलेली तडजोड आहे. त्याला 'मार्जिन पॉझिटिव्ह' म्हटलं की पुढं बाईच्या हातात तो कागद येतो, कोणीतरी रेडिएशनची गोष्ट काढतं, आणि नसलेला आजार सुरू होतो.

म्हणून ग्रॉसिंगचा क्रम पक्का हवा. या बाईचा नमुना ५.२ × ४.० × २.२ सेंटिमीटरचा आला असं धरू. सर्जननं वरच्या टोकाला एक आणि पुढच्या टोकाला दोन टाके बांधून दिशा दाखवली आहे. टाके नसतील तर कापण्याआधी फोन करा, नंतर दिशा कोणालाच सांगता येत नाही. फोटो घ्या. मग पृष्ठभाग टिपकागदानं कोरडा करून शाई लावा, बाहेरच्या बाजूला निळी, नर्व्हकडच्या बाजूला काळी. शाई सुकू द्या. त्यानंतरच सुरी. हा क्रम चुकला तर एक महत्त्वाचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो: कॅप्सूलची फट थिएटरमध्ये पडली की तुमच्या टेबलावर? शाई आधी लावली असेल तर थिएटरमध्ये पडलेल्या फटीच्या आतल्या भिंतींवर शाई उतरलेली दिसते. तुमच्या सुरीनं पडलेल्या फटीच्या आत शाई नसते. एवढ्या एका खुणेवर 'गाठ फुटली' हे वाक्य लिहायचं की नाही ते ठरतं.

नर्व्हकडच्या पृष्ठभागाला काटकोनात, ४ मिलिमीटर जाडीचे काप घ्या आणि नीट फिक्स होऊ द्या. कापलेली बाजू पांढुरकी-करडी, मधेमधे निळसर पारदर्शक, शहाळ्याच्या कोवळ्या मलईसारखी चकाकणारी दिसेल. तो निळसर भाग कॉन्ड्रॉइड, चिकट भाग मिक्सॉइड. ३ सेंटिमीटरच्या गाठीतून सहा-सात ब्लॉक सहज घ्या. प्रत्येक सेंटिमीटरला किमान एक हा नेहमीचा हिशोब, पण ब्लॉकची संख्या गाठण्यासाठी गाठीच्या मधला भाग घेऊन उपयोग नाही. बहुतेक ब्लॉकमध्ये गाठ, कॅप्सूल आणि शाई ही तिन्ही एकत्र यायला हवीत. मधला भाग निदान देतो, कड भविष्य सांगते.

स्लाइडवर असं दिसलं समजा: खोल बाजूला १.४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात काळी शाई थेट कॅप्सूलवर आहे, कॅप्सूल पातळ पण सलग आहे. पुढच्या बाजूला एक स्यूडोपॉड कॅप्सूलबाहेर १.५ मिलिमीटर आला आहे, पण त्याच्यापुढं शाईपर्यंत ४ मिलिमीटर निरोगी ग्रंथी आहे. या बाईचा रिपोर्ट मी असा लिहीन: 'प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा, ३.१ सेंटिमीटर. खोल बाजूला १.४ सेंटिमीटर भागात कॅप्सूल उघडी, अखंड. शाईवर ट्यूमर नाही. पुढच्या बाजूला स्यूडोपॉड, पूर्ण निघालेला. फुटल्याची खूण नाही. कार्सिनोमा नाही.' सर्जनला लागणारी सगळी माहिती यात आहे आणि घाबरवणारा एकही शब्द नाही.

हेच तीन प्रकारांत घोळवून बघा म्हणजे फरक बसेल. उघडी पण अखंड कॅप्सूल हा पहिला प्रकार, वरच्या बाईचा. फॉलोअप नेहमीचा. दुसरा प्रकार, कॅप्सूल मुळातच नाही अशा जागी मिक्सॉइड ट्यूमर शाईला टेकलेला आहे, पण फूट नाही. तेव्हा 'या बाजूला ट्यूमर शाईपर्यंत आहे' असं जागेसकट, मिलिमीटरसकट लिहायचं, परत येण्याची शक्यता थोडी वाढते हे सर्जनला कळलं पाहिजे. तिसरा, गाठ फुटलेली किंवा तुकड्यांत आलेली. ते स्पष्ट लिहायचं, कारण त्या रुग्णाला दहा-पंधरा वर्षं डोळ्याखाली ठेवावं लागतं. ही गाठ घाईनं परत येत नाही. पाच, दहा, कधी त्याहून जास्त वर्षांनी येते. दोन वर्षं काही नाही म्हणून फाइल बंद करणं चुकीचं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळेच सर्जन पूर्ण सुपरफिशियल लोब काढत नाहीत. गाठ लहान, हलती, ४ सेंटिमीटरच्या आतली आणि बाहेरच्या भागात असेल तर गाठीभोवतीचा थोडाच भाग काढतात. काही सर्जन एक्स्ट्राकॅप्स्युलर डिसेक्शन करतात, म्हणजे कॅप्सूलच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सैल ऊतक ठेवून गाठ सोडवतात. सरावाच्या हातात, निवडक रुग्णांत त्याचे निकाल चांगले आहेत. विद्यार्थी मात्र याची आणि एन्युक्लिएशनची गल्लत हमखास करतात. एकात कॅप्सूलला बाहेरून स्पर्शही होऊ देत नाहीत, दुसऱ्यात कॅप्सूल उघडून आत हात घालतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच. गाठ डीप लोबमध्ये असेल तर आधी नर्व्ह मोकळी करून उचलावी लागते, आणि खालच्या ग्रंथीसकट गाठ नर्व्हच्या फांद्यांमधून बाहेर काढतात. असा नमुना आपल्याकडं तुकड्यांत आला तरी नवल नाही, म्हणून ऑपरेशनची नोट वाचल्याशिवाय 'फुटली' लिहू नये.

हीच बाई सात वर्षांपूर्वी कुठंतरी लोकल देऊन 'चरबीची गाठ' म्हणून काढून घेऊन आली असती, तर चित्र वेगळं असतं. जुन्या व्रणाखाली हाताला साबुदाण्यापासून हरभऱ्याएवढ्या पाच-सहा गाठी लागल्या असत्या. नमुन्यात त्या चरबीत, व्रणाच्या ऊतकात, कधी स्नायूला लागून सुट्यासुट्या दिसतात, आणि बऱ्याच वेळा जास्त मिक्सॉइड असतात. नवखा पॅथॉलॉजिस्ट चरबीतला ट्यूमर पाहून 'इन्व्हेजन' लिहून मोकळा होतो. तसं नाही, हे रुजलेले तुकडे आहेत. किती गाठी, सर्वांत मोठी केवढी, शाईपासून किती लांब, आणि एखादीत पेशी वेगळ्या वाटतात का, एवढं लिहा. अशा वेळी नर्व्ह व्रणात गुरफटलेली असते आणि तिला इजा होण्याचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा बराच जास्त. पहिलं ऑपरेशन नीट व्हावं हा आग्रह त्याचसाठी.

कार्सिनोमा एक्स प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमाबद्दल थोडं. गाठ जितकी जुनी तितका धोका जास्त: पाच वर्षांच्या आत साधारण २ टक्के, पंधरा वर्षांपेक्षा जास्त ठेवली तर १० टक्क्यांच्या आसपास. वर्षानुवर्षं शांत असलेली गाठ सहा महिन्यांत दुप्पट झाली, दुखायला लागली, चेहरा वाकडा झाला, ही त्याची नेहमीची कहाणी. टेबलावर त्या चकाकणाऱ्या भागाशेजारी कडक, पांढरा, सुरीला करकरणारा भाग दिसला, किंवा नेक्रोसिस दिसला, की तो भाग पूर्ण घ्या, ब्लॉक मोजत बसू नका. जुनी गाठ, ज्यात बहुतेक भाग हायलाइन चट्ट्यासारखा झाला आहे आणि मूळ ट्यूमर जेमतेम उरला आहे, तीही संशयाची. दुसरीकडं, एफएनएसीनंतर काही दिवसांत काढलेल्या गाठीत सुईच्या वाटेनं नेक्रोसिस आणि स्क्वॅमस मेटाप्लेझिया होतो, आणि ते कॅन्सरचं सोंग घेऊ शकतं. म्हणून एफएनएसीची तारीख मागून घ्या. कार्सिनोमा सापडलाच तर कॅप्सूलच्या आतच आहे की बाहेर गेला आणि किती, ते मिलिमीटरमध्ये लिहा. 'कमी इन्व्हेजन'ची मर्यादा जुन्या पुस्तकांत १.५ मिलिमीटर होती, नव्यांत ती ४ ते ६ पर्यंत गेली. विशेषण बदलतं, तुम्ही मोजलेला आकडा बदलत नाही.

बाकीच्या ट्यूमरना हाच नियम लागू होतो का? थोडासा होतो, बराचसा होत नाही. वॉर्थिन ट्यूमर घ्या: विडी-सिगारेट ओढणारा पन्नाशी-साठीचा पुरुष, पॅरोटिडच्या खालच्या टोकाला मऊ गाठ, सुईत इंजिनच्या जुन्या तेलासारखं तपकिरी पाणी. त्याला बोटं नसतात, रुजण्याचीही तेवढी भीती नाही, त्यामुळे छोटं ऑपरेशन किंवा वयस्कर माणसात नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. मात्र तो दोन्ही बाजूंना किंवा एकाच ग्रंथीत अनेक ठिकाणी असू शकतो, म्हणून नव्या गाठीला लगेच 'परत आला' म्हणू नका. सबमँडिब्युलर ग्रंथीत प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा असेल तर प्रश्नच नाही, अख्खी ग्रंथी गाठीसकट काढतात. टाळूवरच्या गाठीला बऱ्याचदा कॅप्सूलच नसते. तिथं वरची म्यूकोसा आणि खालचं हाडावरचं आवरण घेऊन काढतात, आणि काढण्याआधी गाठीच्या मधून छोटी बायॉप्सी घेणं मान्य आहे, कारण तिथं फेशियल नर्व्ह नाही आणि बायॉप्सीची जागा पुढं नमुन्यातच जाते. ग्रंथी जितकी लहान तितकी कॅन्सरची शक्यता मोठी हा ढोबळ नियम आहे. पॅरोटिडमधल्या बहुतेक गाठी बिनाइन, तोंडातल्या छोट्या ग्रंथींतल्या निम्म्याच्या आसपास नाहीत.

कॅन्सरमध्ये मार्जिन हा शब्द त्याच्या मूळ अर्थानं परत येतो. म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमात निरोगी ग्रंथीची कड आणि ग्रेड, दोन्हींवर पुढचा उपचार ठरतो. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकची गोष्ट आणखी वेगळी आहे, तो नर्व्हच्या आवरणाखालून वाट काढत जातो, मुख्य गाठीपासून कितीतरी लांब. ऑपरेशनआधीच चेहरा लुळा असेल किंवा नर्व्ह गाठीत पूर्ण शिरलेली असेल तर सर्जन तीही कापून देतो, आणि कापलेलं टोक वेगळ्या डबीत पाठवतो. ते टोक आडवं, गोल काप येईल असं बसवा. उभं बसवलं तर आवरणाखालचा पेशींचा छोटा घोळका हातातून निसटतो. टोक मोकळं निघालं तरी पूर्ण खात्री देता येत नाही, कारण पेशी मधला भाग सोडून पुढं गेलेल्या असू शकतात, हे सर्जनलाही माहीत असतं. पण त्या गोल कापात आवरणाखाली ट्यूमर दिसला, तर तिथं 'मार्जिन पॉझिटिव्ह' बेधडक लिहा. ते कोणी खोडणार नाही.